भावकीतले चेहरे

अनोळखी माणसाकडे काही मागायचं म्हटलं की अक्षदाच्या जिवावर येतं. शेतकऱ्याची पोर, पीएच.डी. करते, कॉम्प्युटरशी तासन्‌तास भांडेल. पण परक्याला ‘तुमचा फोटो द्या’ म्हणायला तिची जीभ रेटत नाही. म्हणून संशोधनासाठी चेहरे लागले तेव्हा ती मुकुंदवाडीहून थेट पैठण गाठून आली. सगळ्या चुलत बहिणींची लेखी संमती घेतली, फोटो काढले आणि वर जेवूनही आली.

काम होतं एकीचा चेहरा दुसरीच्या फोटोवर बसवणाऱ्या दोन कॉम्प्युटर मॉडेल्सच्या तुलनेचं. एक मॉडेल तिचं, दुसरं तिच्याबरोबर पीएच.डी. करणाऱ्या शिवराजचं. जिंकेल त्यावरच प्रयोगशाळेचा पेपर जाणार होता. दोघांचीही दोन वर्षं त्यात गेलेली.

तयार फोटोतला चेहरा जिचा बसवला तिच्याशी किती जुळतो, ते चेहरे ओळखणारी प्रणाली आकड्यात सांगते. आकडा जितका एक या अंकाच्या जवळ, तितका चेहरा तोच. अक्षदाचा आकडा शिवराजपेक्षा थोडा वर आला. मग कुठला फोटो कोणत्या मॉडेलचा हे लपवून बाकीच्या विद्यार्थ्यांना फोटो दाखवले. कडा फाटल्यात का, नजर वाकडी आहे का, जिचा चेहरा बसवला तिच्यासारखा दिसतो का? त्यांनीही अक्षदाच्याच फोटोंना कौल दिला. शिवराजने मोठ्या मनाने गुलमंडीतून पेढे आणले.

पेपरात घालायला फोटो निवडताना ती थबकली. पैठणच्या चुलत बहिणींपैकी तनुजाच्या फोटोवर दीपमालाचा चेहरा बसवलेला होता, म्हणजे दिसायला हवी होती दीपमाला. पण हसताना डावीकडे ओढलेला तो ओठ, ती बारीक हनुवटी! ही तर तनुजाच होती. परक्यांना कसं कळणार? दोघी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी.

तिने काहीच न बदललेला तनुजाचा फोटो दीपमालाशी ताडून पाहिला. मॉडेलने बोटही न लावता तिच्या आकड्यातला निम्म्याहून जास्त भाग आयताच पदरात पडत होता. सगळ्या जोड्या भावकीतल्याच. एका माळेचे मणी!

तिला रडू आलं. गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण आता मागणं भाग होतं. मान खाली घालून ती वर्गावर्गात फिरली, रक्ताचं नातं नसलेल्यांचे फोटो मिळवले आणि दोन्ही मॉडेल्स पुन्हा चालवली. शिवराजचा आकडा जरासा उतरला. तिचा कोसळला.

तिने तक्ता शिवराजपुढे ठेवला. त्याने तो दोनदा वाचला.

“तू नसतं सांगितलं तर?” त्याने विचारलं. “तुझाच पेपर गेला असता की.”

“गेला असता,” अक्षदा म्हणाली. “पन माझ्या मॉडेलला चेहरा बदलताच येत नाय, शिवराज. त्यानं तनुजाला तनुजाच ठिवलं.”