काट्यावरची अर्जी

रश्मी खोब्रागडेच्या मेलची तीन पानं झाली होती आणि तिचा राग अजून संपला नव्हता. घुग्घुसच्या एका कोळसा ट्रान्सपोर्ट कंपनीत ती काट्यावर बसायची. ट्रकचं वजन करायचं, पावती फाडायची. दोन वर्षांत पगार एका पैशानंही वाढला नव्हता. मॅनेजर कोरडेसाहेब चार वाजता पगारवाढीची यादी घेऊन नागपूरला निघणार होते. यादीत नाव नाही म्हणजे वर्ष गेलं. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

गाड्यांचे सुपरवायझर हरिदासभाऊ तिच्या खांद्यावरून वाचू लागले. बाबांचं आजारपण, भावाची फी, सोबत काम करणाऱ्या सुनिलला मिळालेली वाढ, आणि शेवटी राजीनाम्याची धमकी.

"साहेब मोबाईलवर वाचते, अन् तेबी चालता चालता," ते म्हणाले. "तू भरल्या गाडीचं वजन देऊन राह्यली. रिकाम्या गाडीचं वजा कर, मंग माल किती ते दिसन."

"मंग घरचं सांगूच नाई काय?"

"कंपनी घराचा पगार देते काय? कामाचा देते."

रश्मीला भयंकर राग आला, कारण म्हातारा खरं बोलत होता. तिनं बाबांचं आजारपण खोडलं तेव्हा डोळे भरून आले. मग सुनिल गेला, धमकी गेली. उरलं ते एवढं:

"आदरणीय साहेब, पगारवाढीसाठी नम्र विनंती.
सध्याचा पगार १५,५००. दोन वर्षांत वाढ नाही.
माझ्या पाळीत रोजच्या गाड्या: तेव्हा ९०, आता १५०.
चौदा महिन्यांपासून जीएसटीच्या ई-वे बिलाचं कामही माझ्याकडे.
वर्षभरात चुकीच्या पावत्या २, दोन्ही त्याच दिवशी रद्द केल्या.
१ एप्रिलपासून १९,००० करावेत, ही विनंती. महिनावार रिपोर्ट जोडला आहे.
आपली, रश्मी खोब्रागडे"

पावणेचारला कोरडेसाहेब गाडीकडे जाता जाता काट्याच्या खिडकीपाशी थांबले. हातात मोबाईल, कपाळाला आठी.

"या दोन चुका काऊन लिहिल्या? कोणी विचारलं होतं काय?"

"रिपोर्टात रद्द पावत्या दिसतेच, साहेब."

साहेबांनी रिपोर्ट उघडला. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, त्यांनी मान वर केली नाही. एकेक महिना बघितला, मग तिथंच उभ्यानं मेल नागपूरला पुढं पाठवला आणि फोन लावला. "हो, आकडे तपासले मी. नाई, आणखी कमी करू नका. ही गेली तर इथी दोन माणसं ठेवा लागन."

फोन ठेवून ते म्हणाले, "साडेअठरा हजार. एप्रिलपासून."

रश्मीनं हात जोडले. आनंदानं तिला रडू फुटायचं बाकी होतं, आणि त्याच क्षणी ती स्वतःवर चिडलीही. हे आकडे दोन वर्षं तिच्याच कॉम्प्युटरमध्ये पडून होते, आणि ती साहेबांना दया यायची वाट बघत बसली होती.