पिवळी पट्टी आणि बाईंचा आवाज

वाकोल्याच्या एका मराठी शाळेत अनुपमा मोंडकर गेली बावीस वर्षं विज्ञान शिकवतात. दहावीच्या वर्गात त्यांची एक सवय सगळ्यांना ठाऊक आहे. फळ्यावर आकृती काढायची, खडूचं टोक तिच्यावर ठेवायचं आणि म्हणायचं, "हे बघा, हे इथून निघालं, इथे वळलं आणि इथे येऊन पडलं." खडू जिथे असेल तिथे वर्गाचे डोळे असतात. त्यामुळे 'हे' म्हणजे काय, हे कुणाला विचारावं लागत नाही.

यंदा पूर्वपरीक्षेच्या आधी बाईंना निवडणुकीच्या कामाला लावलं. सकाळी मतदारांच्या घरी फिरायचं, संध्याकाळी कागद जमा करायचे. शाळेत जाणं बंदच झालं. भिंगांचा धडा शिकवून झाला होता, पण उजळणी राहिली होती. गणिताचे प्रीतम सर म्हणाले, पुस्तकाच्या पानांचे फोटो काढा, वर तुमचा आवाज टाका, महत्त्वाचं पिवळं करा, पोरं घरी बसून बघतील. ॲप त्यांनीच फोनवर घालून दिलं आणि कसं चालवायचं तेही दाखवलं.

बाईंनी एक रविवार त्यात घातला. खिडकीशी टेबल ओढून पुस्तक उघडं ठेवलं, तर मधलं पान फुगून अक्षरं वाकडी यायची. पतीने, जयवंतनी, दोन बाजूंना वाटी ठेवून पान दाबून धरलं, तेव्हा फोटोत दोन्ही वाट्याच आधी दिसल्या. मग हाताची सावली पडली. शेवटी एकेका परिच्छेदाचा जवळून फोटो काढला, कडा कापल्या, वाकडा होता तो सरळ केला. अख्खं पान पोरांच्या छोट्या फोनवर वाचता येणार नाही, एवढं त्यांना कळत होतं.

नंतर आवाज. त्या वर्गात बोलतात तशाच बोलल्या. बोलून झाल्यावर सावकाश ऐकत गेल्या आणि बोलण्याला जुळेल असा एकेक फोटो लावला. ज्या ओळीबद्दल बोलत होत्या तिच्यावर, तेवढ्या वेळापुरती, पारदर्शक पिवळी पट्टी ठेवली. सगळं व्यवस्थित जुळलं. बाईंना स्वतःचंच कौतुक वाटलं.

जयवंतनी कानाला लावून ऐकलं आणि म्हणाले, "अगो, ह्यात तुझ्यापेक्षा विमानाच जास्त बोलतत."

ते खरंच होतं. वाकोल्याच्या डोक्यावरून विमानं जातात, ती घरच्यांना ऐकू येत नाहीत, इतकी सवय झालेली असते. विमान आलं की बाई आपोआप थांबत आणि ते गेलं की पुढे बोलत. फोनने मात्र सगळं टिपून ठेवलं होतं. बाईंनी आवाजाच्या पट्टीतून घरघर असलेले तुकडे एकेक करून कापले. मध्ये रिकामी जागा राहिली तर पोरांना वाटेल आवाज गेला, म्हणून पुढचा आवाज अलीकडे ओढून जागा बुजवली. सुरुवात लावून बघितली, छान वाटलं, आणि वर्गाच्या ग्रुपवर पाठवून दिलं.

निवडणुकीचं काम संपवून त्या शाळेत परतल्या आणि त्याच धड्यावर छोटी चाचणी घेतली. पेपर तपासायला घेतले आणि त्यांना काही उमगेना. भिंगांचे प्रकार, नाभी, किरणांचे नियम, सगळं बरोबर. पण डोळ्याच्या दोषांवर आल्या की अर्ध्याहून जास्त पोरांनी उलटं लिहिलेलं. जवळचं दिसतं पण लांबचं दिसत नाही, ती निकटदृष्टिता. तिला अंतर्वक्र भिंग लागतं. पोरांनी लिहिलं होतं बहिर्वक्र. दूरदृष्टितेला बहिर्वक्र लागतं, तिथे लिहिलं होतं अंतर्वक्र. चुकले असते तर वेगवेगळे चुकले असते. हे सगळे एकसारखे चुकले होते.

आधी वाटलं, कॉपी. पण एकमेकांपासून लांब बसलेल्यांचंही तसंच. मग वाटलं, आपणच उलटं बोललो की काय. घरी येऊन व्हिडिओ डोळे मिटून, नुसता ऐकला. उलटं काहीच बोललेल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडून बघितलं, तेही बरोबर. इतकी वर्षं जे शिकवलं ते आपल्याच डोक्यात फिरलंय का, अशी शंका येऊन त्यांनी स्वतःचा चष्मा काढून हातात धरला, कडेने बोट फिरवून भिंग मध्ये जाड की कडेला जाड ते बघितलं. मग हा आपला वाचायचा चष्मा, त्यावरून कसं ठरवणार, असं मनाशी म्हणत परत घातला. जयवंतना विचारलं तर ते म्हणाले, मला तो व्हिडिओ चांगला वाटला, विमानं एकदम गेली.

शेवटी त्यांनी दिशाला थांबवून घेतलं. दिशा वर्गातली नेटाने अभ्यास करणारी मुलगी, आणि तिनेही उलटंच लिहिलं होतं. आपण रागावलेलो नाही असं बाईंनी तिला आधीच सांगितलं आणि विचारलं, हे उत्तर तुला कुठे मिळालं?

"बाई, तुमच्याच व्हिडिओत."

"मी असं बोललेच नाही."

"बोलला नाहीत," दिशा गोंधळून म्हणाली, "पण दाखवलंत."

तिने फोन काढला. सुरुवातीचा भाग तिला येत होता, म्हणून तिने सरळ डोळ्याच्या दोषांपाशी नेलं. ग्रुपवर पाठवल्यापासून बाई पहिल्यांदाच तो भाग चित्रासकट बघत होत्या. पडद्यावर एक ओळ मोठी होऊन आली, अंतर्वक्र भिंग वापरल्याने हा दोष दूर होतो, आणि तिच्यावर पिवळी पट्टी. त्याच वेळी बाईंचा आवाज म्हणाला, "आता दूरदृष्टिता. तिला कुठलं भिंग? हे बघा, हे. पिवळं केलंय ते. हे विसरायचं नाही."

बाईंनी ते मागे नेऊन पुन्हा बघितलं. पडद्यावरची ओळ निकटदृष्टितेची होती, पण ओळीत दोषाचं नाव नव्हतं, नुसतं 'हा दोष' होतं. आवाज पुढच्या दोषावर पोचला होता. त्या बोलल्या ते खरं होतं, पिवळं होतं तेही खरं होतं, आणि दोन्ही एकत्र आल्यावर खोटं झालं होतं.

"मग दूरदृष्टितेला अंतर्वक्र," दिशा म्हणाली, "आणि उरलं ते निकटदृष्टितेला. मला विचित्र वाटलं होतं बाई. वर्गात वेगळं लिहून घेतलंय. पण व्हिडिओ नंतरचा ना, म्हणून वाटलं तुम्ही सुधारलं असेल."

बाईंना हे समजलं, पण झालं कसं ते समजेना. बनवला तेव्हा सगळं जुळत होतं. पोरांच्या फोनमध्ये जाऊन बिघडलं का? पाठवताना बिघडलं का? मधल्या सुट्टीत त्या प्रीतम सरांकडे गेल्या. सरांनी ॲप उघडून दाखवलं. वर फोटोंची रांग, तिच्याखाली पिवळ्या पट्ट्या, सगळ्यांत खाली आवाज. तिन्ही रांगा शेजारी दिसतात, पण एकमेकांना बांधलेल्या नसतात.

"मॅडम, तुम्ही पट्ट्या लावून झाल्यावर आवाज कापला का?"

"विमानं काढली."

"मग पुढचा आवाज लवकर यायला लागला. फोटो आणि पट्ट्या जागच्या जागी राहिल्या."

प्रत्येक विमानामागे आवाज थोडा थोडा पुढे गेला होता. पहिलं विमान बरंच उशिरा आलं होतं, म्हणून सुरुवात ठीक होती. शेवटी डोळ्याच्या दोषांपर्यंत येईतो आवाज एक अख्खी ओळ पुढे निघून गेला होता. विमान काढायचं तर आधी काढायचं, मग पट्ट्या लावायच्या, एवढंच होतं. आणि शेवटपर्यंत बघायचं होतं.

सर म्हणाले, पट्ट्या सरकवून देतो. बाई नको म्हणाल्या. त्यांना दुसरंच काहीतरी टोचत होतं. हीच चूक झाली असती आणि त्या 'दूरदृष्टितेला बहिर्वक्र भिंग' असं नाव घेऊन बोलल्या असत्या, तर पोरांना लगेच कळलं असतं की पट्टी भलतीकडे आहे. पण त्या 'हे' म्हणाल्या होत्या. खडू हातात नसताना.

त्यांनी पुन्हा सगळा आवाज भरला. या वेळी बोलताना 'हे' आलं की थांबायच्या आणि नाव घेऊन परत बोलायच्या. वाक्यं पुस्तकी झाली, त्यांना ती आवडली नाहीत. आधी विमानं कापली, मग फोटो, मग पट्ट्या. जुना आणि नवा कळावा म्हणून पट्ट्या हिरव्या केल्या आणि ग्रुपवर लिहिलं, पिवळा व्हिडिओ चुकला आहे, काढून टाका, हिरवा बघा.

त्याने गोंधळ मिटला नाही. पिवळा तोवर पुढे गेला होता, दुसऱ्या शाळांत, क्लासेसमध्ये. मुलुंडहून एका अनोळखी बाईंचा फोन आला, त्यांनी विचारलं, तुमचा कुठला धरायचा, दोन्हींत आवाज तुमचाच आहे. एका पालकांनी विचारलं, मुलीने पुस्तकात पिवळ्या पेनाने रेघा मारल्यात, त्याही चुकीच्या का? अनुपमाबाईंनी प्रत्येकाला शांतपणे उत्तर दिलं. मात्र फोन ठेवला की आपण आत्ता कुठला रंग बरोबर म्हणालो, हे त्यांना क्षणभर आठवायचं नाही.

पूर्वपरीक्षेत बहुतेकांनी बरोबर लिहिलं. दिशाने तर आकृतीही काढली. एक पेपर मात्र बाईंनी बाजूला ठेवला. सुशांतने आधी अंतर्वक्र लिहून खोडलं होतं, मग बहिर्वक्र लिहून खोडलं होतं, आणि जागा कोरी सोडली होती. हा आपला गुन्हा, असं बाईंना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून त्यांनी सगळं नीट सांगितलं, व्हिडिओ कसा चुकला, पट्ट्या कशा मागे राहिल्या, त्याचा काही दोष नाही.

सुशांत ऐकून घेत उभा राहिला. मग म्हणाला, "बाई, मी कुठलाच बघितला नाही. फोन बाबा कामावर नेतात."

"मग दोन्ही का खोडलंस?"

"येत नव्हतं."

बाईंना हसू आलं आणि ते त्यांनी आवरलं. त्यांनी बाकावर पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि सवयीने म्हणायला गेल्या, हे बघ. थांबल्या. मग बोट तसंच ठेवून म्हणाल्या, "निकटदृष्टिता. अंतर्वक्र भिंग. आता तू वाच."

सुशांत वाचू लागला. डोक्यावरून विमान गेलं. तो थांबला नाही, तसाच मोठ्याने वाचत राहिला, आणि बाईंना त्याचं एकही अक्षर ऐकू आलं नाही.