गुजरातचं पान

मिक्सर धुळ्याहून आला होता. सुरतेत मिक्सर मिळत नव्हते असं नाही. पर्वत पाटियाच्या चौकात काचेआड ओळीने मांडलेले असत. पण आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, नियमच होता तसा. मजुरी सुरतेची, खरेदी गावाकडची. दिवाळीला साक्री तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो की वर्षाची मोठी वस्तू धुळ्याच्या बाजारातून घ्यायची आणि एसटीच्या टपावर दोरीने बांधून सुरतेतल्या गोडादऱ्याला, आमच्या वस्तीत आणायची. दुकानदाराने विचारलं, "पत्ता काय लिहू?" आबांनी छाती भरून गावचा पत्ता सांगितला. तो गॅरंटी कार्डावर लिहिला गेला, खाली दुकानाचा शिक्का बसला.

आबा यंत्रमागावर काम करत. आम्ही गोडादऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो आणि मी कळती झाल्यापासून आबा म्हणत होते, "आजून दोन वरीस, मंग गावले." ही दोन वर्षं काही केल्या संपत नव्हती. त्यामुळे आमच्या घरात टिकाऊ असं काही होत नसे. भिंतीला खिळा ठोकायचा तरी आबा म्हणत, "कशाले? जानंच शे ना." कपडे दोरीवर, ट्रंका खाटेखाली. मला त्याचा राग यायचा. शाळेतल्या मुलींच्या घरी शोकेस असायची.

माय मात्र मिक्सरवर फार खूश होती. तिचं उजवं मनगट एकदा मोडून वाकडं जुळलं होतं आणि घरात आम्ही पाच, शिवाय गावाकडून कामाला आलेले दोन काका. एवढ्यांचा मसाला पाट्यावर वाटायचा म्हणजे तिला रात्री हात उशाखाली दाबून झोपावं लागे. मिक्सर आला आणि ती वाटता वाटता बोलायला लागली, हसायलाही लागली. गल्लीतल्या बायकांना बोलावून तिने तो चालवून दाखवला होता.

होळीच्या सुमारास डाळ वाटताना मिक्सर गुणगुणला, जळका वास आला आणि तो थांबला. आबांनी उलटा करून खालचं लाल बटण दाबून पाहिलं. काही नाही. शेजारचे म्हणाले, नाक्यावरचा मिस्त्री पाच मिनिटांत उघडून देईल. आबा कडाडले, "उघडला का गॅरंटी गयी!" हे मात्र अगदी खरं होतं. बाहेरच्या कोणी उघडलं तर कंपनी हात वर करणार, असं पुस्तिकेत लिहिलेलंच होतं.

त्याच पुस्तिकेत मागे कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरांची यादी होती, राज्याराज्याप्रमाणे. आबांनी मला महाराष्ट्राचं पान काढायला लावलं. मी इंग्रजी अक्षरं लावत वाचत गेले. नाशिक सापडलं, जळगाव सापडलं, मग धुळंही सापडलं. आबांचा चेहरा उजळला. आपलं धुळं छापील पुस्तकात! "वैशाखमा लगनले जासूत, तवय दखसूत," म्हणाले, आणि गावच्या लग्नाला जाऊ तेव्हा न्यायचा म्हणून मिक्सर खोक्यात घालून ट्रंकेमागे ठेवून दिला.

मायने पाटा पुन्हा पुढे ओढला. दोन आठवड्यांत तिचं मनगट सुजून आलं. ती तक्रार करत नसे, फक्त वरवंटा डाव्या हाताने फिरवायला शिकत होती, आणि ते पाहवत नव्हतं.

एका दुपारी वाटता वाटता तिने मला विचारलं, "पोरी, त्या पुस्तकमा सुरत शे का?"

मी वेड्यासारखी बघत राहिले. ते आम्हाला कोणाला सुचलंच नव्हतं. चार पानं मागे गेले तर गुजरातचं पान होतं, आणि त्यात सुरतेची एक नाही, दोन सेंटरं होती. एक नदीपलीकडे रांदेर रोडला, एक उधन्याला. उधना म्हणजे शटल रिक्षाने जाता येईल इतकं जवळ.

आबा संध्याकाळी आले आणि ऐकून घुश्श्यात म्हणाले, "कार्डवर गावना पत्ता शे. त्या सेंटरवाला घेवाव नहीत."

"मिक्सर आठे बिघडना, आपन आठे रहतस. मंग धुयानं काय काम शे?" माय म्हणाली. मला वाटतं, आबांना मिक्सर नाकारला जाण्याची भीती नव्हतीच. त्या गुजरातच्या पानावर आपण आहोत, हे त्यांना कबूल करायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मायने मला पीसीओवर नेलं. मी यादीतला उधन्याचा नंबर लावला आणि गुजरातीत विचारलं, वस्तू धुळ्याची आहे, चालेल का? पलीकडची बाई म्हणाली, "गमे त्यांथी लीधुं होय, चालशे. बिल ने सिक्कावाळुं कार्ड लेता आवजो." म्हणजे कुठूनही घेतलेला चालणार होता, फक्त बिल आणि शिक्क्याचं कार्ड न्यायचं होतं.

कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी आबाच आमच्यासोबत निघाले. खोकं कोणाला उचलू दिलं नाही. काउंटरवर एक गुजराती बाई बसली होती. तिने बिलावरची तारीख पाहिली, कार्डावरचा शिक्का पाहिला, मिक्सरचा नंबर कार्डाशी जुळवला, सील तुटलेलं नाही हे पाहिलं. आतल्या माणसाने मोटार तपासली आणि म्हणाला, आर्मेचर गेलंय, गॅरंटीत बदलून मिळेल. भांड्याचं पातं असतं तर मिळालं नसतं. मायने हुश्श केलं.

"फोन नंबर?" बाईने पावती लिहिताना विचारलं. फोन आमच्याकडे नव्हता. "तो सरनामुं बोलो. तैयार थाय एटले पोस्टकार्ड लखीशुं."

आबांनी सुरू केलं, "मुक्काम पोस्ट..." आणि गावाचं नाव, तालुका साक्री.

बाईने पेन उचललं. "त्यांनुं नहीं, काका. ज्यां रहो छो त्यांनुं."

आबा पावतीवरच्या कोऱ्या ओळीकडे पाहू लागले. आमची पत्रं कारखान्याच्या पत्त्यावर यायची, भाडं मालक येऊन घेऊन जायचा. इतकी वर्षं त्या घरात राहून आबांना त्या घराचा पत्ता येत नव्हता! मला त्यांची दया आली, आणि रागही आला.

मग मागून मायचा आवाज आला. प्लॉट नंबर, सोसायटी, पिठाच्या गिरणीमागची तिसरी गल्ली, गोडादरा. एका दमात, तेही गुजरातीत. ती लिहायला शिकली नव्हती, पण दळण, गॅस, रेशन, सगळं त्या पत्त्यावर तिनेच आणलं होतं. आबा तिच्याकडे बघतच राहिले. रिक्षात परतताना त्यांनी तो पत्ता मला हळूच पुन्हा म्हणायला लावला.

आठवडाभराने आबा रात्रपाळी करून दारात चहा पीत बसले होते. टपालवाला गल्लीत शिरला. आमच्या दाराशी तो आजवर कधी थांबला नव्हता. पोस्टकार्ड हातात धरून त्याने आबांचं नाव वाचलं आणि विचारलं, "आ घर तमारुं?"

आबांनी एकदा मागे वळून दाराकडे पाहिलं.

"हा," ते म्हणाले. "अमारुं ज."

कार्डावर एवढंच होतं की मिक्सर तयार आहे. ते आबांनी एका नजरेत वाचलं. मग कार्ड उलटं करून दुसऱ्या बाजूचा पत्ता मात्र बोट लावून सावकाश वाचत बसले. त्यांचे डोळे भरले होते. जागरणाने असतील असं मी तेव्हा समजले.

माय हात पुसत बाहेर आली. "कवय लयशात मिक्सर?" तिने विचारलं.

"आत्तेच जास," आबा म्हणाले आणि चप्पल घातली. मग दारातच थांबून मला म्हणाले, "तो हातोडा काढी ठेव. हाई कार्ड ठेवाले भितले एक खिळा ठोकना पडी."