कडुनिंबाखालची हद्द

ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गुंठाभर जमीन नव्हती, त्या घरातला संघपाल आता तालुकाभरच्या जमिनी मोजतो. बाप शेषराव जुन्या मोजणीदारांच्या मागे साखळी ओढायचा. पोरगा त्याच खात्यात भूकरमापक झाला तेव्हा म्हातारा गावभर पेढे वाटत हिंडला. पण बापाला वाटलं होतं तेवढी ही नोकरी गोड नाही. मोजणीवाल्याला सकाळी दोन्ही बाजू चहा पाजतात आणि संध्याकाळी त्यातली एक शिव्या घालते. बायको नीलिमा म्हणते, "तुमचं तोंड पाह्यलं की समजते, आज कोणाची जमीन गेली ते."

केनवडच्या शिवारातली ती मोजणी मात्र वेगळीच निघाली. तिथं भांडण जमिनीसाठी नव्हतंच.

एका बाजूला कस्तुराबाईचं वावर, दुसऱ्या बाजूला अमरसिंगचं. अमरसिंगनं ते नुकतंच विकत घेतलेलं. त्याला हद्दीला चिकटून शेततळं खोदायचं होतं, पोकलेन येऊन उभा होता. मधला धुरा, म्हणजे बांध, नांगरटीत कधीच पुसला गेला होता. उरला होता एक कडुनिंब, आणि त्याच्या बुडाशी शेंदूर फासलेला गोटा. त्या गोट्याखाली कस्तुराबाईची लेक राखी होती. चार वर्षांची पोर तापानं गेली. लहान लेकरू म्हणून जाळलं नाही, पुरलं. तेव्हापासून दर अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, बाई तिथं पाण्यानं भरलेलं लहानसं गाडगं ठेवत आली.

आता हद्द गोट्याच्या पलीकडून गेली तर राखी आईच्या वावरात राहणार होती. अलीकडून गेली तर पोकलेनच्या दातात. हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि सकाळी आल्या आल्या संघपाललाही कळलं. बाई झाडाखालीच बसली होती. मोजणीचं सामान उतरताना बघत होती.

तिथंच संघपालचं चुकलं. मोजणीची रीत अशी की आधी मोकळ्या रानातल्या खुणा पक्क्या करायच्या, झाडाखालचं काम शेवटी. पण म्हातारीला दुपारपर्यंत तसं ताटकळत ठेवणं त्याला बरं वाटेना. त्यानं उपग्रहावरून जागा दाखवणाऱ्या यंत्राची, डोक्यावर चकती असलेली काठी उचलली आणि सरळ कडुनिंबाखाली उभी केली. नकाशावरचा हद्दीचा बिंदू यंत्रात भरलेला होताच. पडद्यावरचा बाण सांगेल तसा तो सरकत गेला. बाण थांबला तो गोट्याच्या पलीकडे, चांगला दोन हात.

"इथं," तो म्हणाला. पडद्यावर अजून 'फ्लोट' दिसत होतं, 'फिक्स' झालं नव्हतं. म्हणजे जागा अजून कच्ची होती. त्यानं ते पाहिलं होतं. तरी तोंडातून शब्द निघून गेला.

खूण सापडली की नारळ फोडायचा, अशी तिकडची पद्धत. बाईनं पदराखालचा नारळ काढला, फोडला, पहिला तुकडा गोट्यापाशी ठेवला आणि मग तोंडाला पदर लावून रडली. अमरसिंग वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "जाऊ द्या काकू, तुमची पोरगी तुमच्यापाशी राह्यली." त्यानं खोबरंसुद्धा खाल्लं.

मग संघपालनं उघड्या रानात हद्दीची दोन टोकं धरली, एक झाडाच्या उगवतीला, एक मावळतीला. दोन्हीकडे वर आभाळ मोकळं होतं, यंत्र चुटकीसरशी पक्कं झालं. खुंट्या ठोकल्या, मधे सुतळी ताणली. नकाशात तिथं हद्द सरळ होती, सुतळीनं झाडाखालच्या खुणेवरून जायला हवं होतं. ती गोट्याच्या अलीकडून गेली. दोन हात अलीकडून.

त्यानं दोन्ही टोकं पुन्हा तपासली, काठी पुन्हा झाडाखाली नेली. या खेपेला बाणानं तिसरीच जागा दाखवली.

"काय झालं साहेब?" बाईनं विचारलं.

"मावशी, मघाची खूण चुकली."

"मशीन चुकते का?"

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "वर उपग्रह हायेत. हरेक जण सारखा सांगून राह्यला, मी अमक्या जागी हावो न आता इतके वाजले. ते सांगणं इथंवर याले जो वेळ लागते, त्याच्यावरून मशीन त्याचं अंतर काढते. एकाच्या अंतरानं काई समजत नाई. तिघांचं भेटलं तं जागा सापडते. पण आपल्या मशीनचं घड्याळ त्याइच्यासारखं पक्कं नसते, ते किती मागंपुढं हाये हे समजाले चौथा लागते. त्यातूनबी जो बारका फरक राह्यते, तो एका जागी कायमच्या बसवलेल्या मशीनकून मोबाइलवर येऊन दुरुस्त होते."

"मंग?"

"इथं वर पाला हाये, आवाज दबते. न बाजूले टिनाचं शेड हाये. आवाज टिनावर आदळून येते, लांबचा फेरा घेऊन. मशीनले वाटते उपग्रहच लांब हाये. अंतर चुकलं की जागा चुकली."

बाईनं शेडकडे पाहिलं. तिच्याच बैलांसाठी तिनंच बांधलेलं ते शेड.

"मंग चुकलं तं चुकू द्या ना," ती हळूच म्हणाली. "टिनानं दिली म्हणा मले."

संघपालनं अमरसिंगकडे पाहिलं. अमरसिंग ताणलेल्या सुतळीकडे बघत होता. "काकू, मी पैसे मोजून जमीन घेतली," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. "तळ्याचं माप मंजूर होऊन आलं. हाडं काढून न्या म्हणतो तं..."

"हाडं कुठून राह्यतीन आता," बाई म्हणाली. "माती झाली तिची."

दोन हात कच्चे ठेवले असते तर कुणाच्या बापाचं काय गेलं असतं, असं संघपालच्या मनात आलंच. पण सुतळी सगळ्यांसमोर ताणलेली होती, आणि ती खोटी आहे असं म्हणायला त्याची जीभ वळेना. त्यानं हद्दीला चुना टाकला. स्वतःचा त्याला मनापासून राग आला. खरं सांगितलं म्हणून नव्हे, आधी खोटं सांगितलं म्हणून. सकाळी तो गप्प राहिला असता तर बाईचं लेकरू एकदाच गेलं असतं.

सामान आवरताना ती जवळ आली. "साहेब, गोटा तं जाईन, झाड बी जाईन. मंग मले समजावं कसं, कुठं होती ते?"

त्यानं टेप काढला. उगवतीच्या खुंटीपासून गोट्यापर्यंत सुतळी मापून तोडली, मावळतीच्या खुंटीपासून दुसरी. "ह्या दोन खुंट्या हद्दीवर राह्यतीन. दोन्हीले ह्या सुतळ्या बांधा न टोकं भेटवा. भेटतीन तिथं ती."

बाईनं लगेच करून पाहिलं. अमरसिंगनं एक टोक धरलं, तिनं दुसरं. टोकं गोट्यावर भेटली. मग तिनं दोन्ही टोकं हातात घेतली, चुन्याची रेघ ओलांडून आपल्या वावरात आली आणि पुन्हा ताणली. टोकं तिथंही भेटली, रेघेपासून तेवढीच, दोन हात.

"इथं बी भेटतेत," ती म्हणाली.

दोन अंतरांना दोन जागा सापडतात, रेघेच्या एक या बाजूला, एक त्या बाजूला. त्यातली खरी कोणती ते तिसरं अंतर सांगतं. शेडच्या कोपऱ्यापासून तिसरी सुतळी मापायला त्याला पळभर वेळ लागला असता. टेप अजून हातातच होता.

बाईनं गोट्यापाशी ठेवलेलं गाडगं रेघेपलीकडून उचलून आणलं आणि जिथं टोकं भेटली होती तिथं ठेवलं. "खरी तिकडची हाये, मले ठाऊक हाये," ती म्हणाली. "पण पुढच्या अखाजीले मले कोण सांगन?"

संघपालनं टेप गुंडाळला आणि पिशवीत टाकला.