पाचव्या नंबरची पोर

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. साकोलीच्या शाळेत खेळ शिकवायला लागून वीस वर्षं झाली. मॅडमच्या तोंडून शिट्टी कमी अन् बोलणी जास्त निघतात, असं आमच्या पोट्ट्या म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. पण ज्या दिवसाबद्दल लिहायला बसले आहे, त्या दिवशी माझ्या तोंडानं नुसता राग नाही काढला. त्यानं एका पोरीची वर्षभराची मेहनत पाच सेकंदांत मातीत घातली.

ही पोर दिघोरीची. बाप धानाची शेती करणारा, पोर साकोलीत वसतिगृहात राहून अकरावीला आलेली. त्या वर्षी भंडाऱ्याला जिल्ह्याच्या फुटबॉल फायनलमध्ये सामना बरोबरीत सुटला आणि टायब्रेकर आला. दोन्ही बाजूंनी पाच-पाच पेनल्टी. ही माझी पाचवी. बॉल गोलच्या दांडीच्या इतका वरून गेला की मागच्या झाडावरचे बगळे उडाले. आम्ही हरलो.

हरणं एक वेळ परवडलं, पण लोक सोडतात का? बसस्टँडवर पोट्टे विचारायचे, "काय वं, तुहा बॉल नागझिऱ्यात गेला म्हनते, वाघानं नेला काय?" ती हसायची. मलाही वाटलं, चला, पोर हसते आहे म्हणजे विसरली. ती महिनाभर मैदानावर फिरकली नाही, तेव्हा कळलं की कशाची विसरते! मग एका संध्याकाळी बॉल मागायला आली. त्या दिवसापासून रोज दहा पेनल्टी. कोणी असो, नसो. पावसाळ्यात चिखलात घसरून पडायची, उठायची, पुन्हा बॉल ठेवायची. दहातल्या नऊ आत जायच्या, कधी दहाच्या दहा.

बारावीत गेल्यावर तिनं मला स्पष्टच सांगितलं, "मॅडम, कप भेटो, नाही भेटो. मले तशाच सामन्यात एक किक पाहिजे. एकच." तिचं ते शाळेतलं शेवटचं वर्ष होतं.

आता क्रम लावायची माझी रीत सांगते. पाच पोरी निवडायच्या तर नुसता पाय बघून भागत नाही. सरावात सगळ्याच मारतात, तिथं कोण बघतंय? म्हणून मी पोरी दमल्यावर, धावून धावून जीव तोंडाशी आला की पेनल्टी मारायला लावते. बाकीच्या पोरींना ओरडायला सांगते. त्यात जिचा पाय हलत नाही ती पहिली. पहिली किक आत गेली की मागच्यांचा श्वास जागेवर येतो, आणि हुकली की सगळ्यांच्या पायात दगड. दुसरी-तिसरी त्यातल्या त्यात भरवशाच्या. चौथी परत खमकी लागते, कारण तिथवर बहुतेक वेळा आपण मागे तरी असतो नाहीतर जिंकायच्या काठावर तरी. आणि पाचवी? पाचवीची गंमत अशी की पुष्कळदा तिची पाळीच येत नाही. त्याआधीच निकाल लागतो.

दिघोरीच्या पोरीला मी तिथं ठेवलं.

ती मात्र आठ दिवस आधी येऊन म्हणाली होती, "मॅडम, मले पहिली पाठवा ना."

"काहून?"

"मले किक मारायचा भेव नाही वाटत. थांबायचा वाटते. मागच्या साली चार जनींच्या किका पाहता पाहता माहे पाय थंडे पडले. पहिली असती त मारून मोकळी झाली असती."

किती साधी गोष्ट सांगत होती! बोट ठेवून दाखवत होती की दुखतं कुठं. पण माझं तोंड दुधानं पोळलेलं, मी ताकही फुंकत होते. पहिली किक हिच्या हातात, म्हणजे पायात, द्यायची माझी छाती होईना. आणि नाही म्हणायचीही होईना. मग मी मास्तरकी केली. म्हटलं, "अवं, शेवटची किक सगळ्यात मोठ्या खेळाडूची असते. म्हनून तुले पाचवी ठेवून राहिली मी."

तिनं माझ्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाली आणि बॉल घेऊन गेली. मला वाटलं, पटलं. आज वाटतं, तिला तेव्हाच सगळं कळलं होतं.

फायनल पुन्हा भंडाऱ्याला आणि पुन्हा बरोबरीत, एक-एक. सकाळच्या मीटिंगमध्ये मी पंचाला विचारलं होतं की पाच नावांची यादी कधी द्यायची. तरणाबांड पोरगा, पण नियम पाठ. म्हणाला, "मॅडम, यादी द्यायची नाही. सामना संपताना मैदानावर असलेल्यांतून कोणालाही पाठवा. क्रम तुमचा, मला सांगायचीसुद्धा गरज नाही. फक्त एकदा मारलेली, सगळ्यांचं होईपर्यंत दुसऱ्यांदा नाही." मला ते फार सोयीचं वाटलं. यादी लिहून द्यावी लागली असती तर बरं झालं असतं, माझे हात तरी बांधले गेले असते.

टॉस आमच्या कॅप्टननं जिंकला आणि मी शिकवल्याप्रमाणे पहिली किक मागून घेतली. मग मी चुन्याच्या रेषेबाहेर आणि पोरी मैदानाच्या मधल्या वर्तुळात. आपल्याला आत जाता येत नाही. पाठीवर हात ठेवता येत नाही. लांबून नुसतं बघायचं, आणि माझ्यासारखीला नुसतं बघायला लावणं म्हणजे शिक्षाच.

पहिली कॅप्टनची, आत. त्यांचीही आत. दुसरी आत, त्यांचीही आत. तिसरी आमची त्यांच्या गोलकीपरनं अडवली, आणि त्यांनी आपली घातली. दोन-तीन. चौथी आमची डाव्या पायाची पोर, तिनं डोळे मिटून मारली की काय कोण जाणे, पण आत गेली. तीन-तीन. आता त्यांची चौथी. त्या पोरीनं बॉल उचलला तो थेट दांडीवरून बाहेर!

अवं माय, मी किती उडाले! शिट्टी गळ्यातून निसटून पडली. शाळेच्या शिपायाला मिठी मारायची बाकी राहिली होती. आणि मग हिशेब डोक्यात आला. तीन-तीन. पाचवी किक आमची. जिला मी निकाल लागून जाईल या आशेवर सगळ्यात मागे लपवलं होतं, ती उठून उभी राहिली होती.

ती वर्तुळातून निघाली. शांत निघाली, हे मला आज आठवतं. तेव्हा दिसलं नाही. तेव्हा मला मागच्या वर्षीचे बगळे दिसत होते. चार-पाच पावलं आली असेल आणि माझ्या तोंडातून निघालं, "थांब वं! तू नको! कॅप्टन, सहावीले पाठव!"

माझा आवाज साऱ्या भंडाऱ्याला ऐकू जाईल असा. ती जागच्या जागी थांबली. कॅप्टननं माझ्याकडे पाहून मान हलवली, नको मॅडम, अशी. मी पुन्हा हात केला. पंच पाहत राहिला, त्याला हरकत घ्यायचं कारण नव्हतं. दिघोरीची पोर वळली, परत वर्तुळात गेली आणि खाली बसली.

सहावी म्हणजे आमची बचावातली उंच पोर. भिणं तिला ठाऊक नाही, अंगावर बैल आला तरी बाजूला होणार नाही. पण ती पाचांत नव्हती. आपलं काम संपलं म्हणून बिचारी बुटाच्या लेस सोडून, पाय पसरून पाणी पीत बसली होती. घाईघाईनं लेस बांधली, धावत गेली, धापा टाकत होती तशीच मारली. बॉल सरळ गोलकीपरच्या छातीवर. त्यांनी पाचवी घातली. तीन-चार.

उंच पोर माझ्याजवळ येऊन रडत म्हणाली, "मॅडम, मी त लेस बी सोडली होती. मले कायले उठवलं?" मी तिला पोटाशी धरलं. चूक माझी होती आणि भोगायला आता दोन पोरी झाल्या होत्या.

परत येताना एसटीत दिघोरीची पोर माझ्या बाजूच्या सीटवर बसली. मुद्दाम बसली, कारण मागे जागा रिकामी होती. लाखनी गाव मागे पडलं. बाहेर दोन्ही बाजूंना धान लोंबीवर आलेला. मी म्हटलं, "बोल ना वं. शिव्या दे मले."

ती खिडकीतून बाहेरच पाहत म्हणाली, "मागच्या साली मी चुकली, मॅडम. या साली तुमी मले चुकू बी नाही देल्लं."

इतक्या वर्षांत मला कोणी असं बोललं नव्हतं. हेडमास्तरांशी भांडले, पालकांशी भांडले, दर वेळी माझ्याकडे उत्तर असायचं. त्या दिवशी मी म्हटलं, "चुकलं माहं." एवढंच. एसटीच्या आवाजात तिला ऐकू गेलं की नाही म्हणून परत एकदा म्हटलं. ती म्हणाली, "आयकलं मी."

आता माझ्या वहीत पोरींच्या नावापुढे एक रकाना वाढला आहे: हिला थांबता येतं का? आणि तो मी भरत नाही, पोरींनाच विचारते. जिला थांबता येत नाही तिला आधी पाठवते, बाकीचं नंतर बघू. पण हे शहाणपण पुढचं. मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं.

मी शाळा भरायच्या आधी मैदानावर गेले तर ती तिथं उभी, बगलेत बॉल. म्हणाली, "मॅडम, गोलमंधी उभ्या राहा."

"मी? या वयात? पडली-बिडली त उचलशील काय मले?"

"राहा ना."

मी ओढणी कमरेला खोचून दोन खांबांच्या मध्ये उभी राहिले, हात पसरून. रोजच्या जागी तिनं बॉल ठेवला, मागे गेली, धावत आली आणि मारला. बॉल माझ्या डोक्यावरून, दांडीवरून, तारेच्या कुंपणावरून पलीकडच्या बांधीत, उभ्या धानात जाऊन पडला.

म्हटलं, झालं, हिचा पाय मी कायमचा तोडला. पण ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडेच पाहत होती.

"पाहा मॅडम, चुकली," ती म्हणाली. "काही झालं काय?"

मी मान हलवली. ती कुंपणाखालून वाकून गेली, गुडघाभर चिखल घेऊन बॉलसकट परत आली, ओल्या हातानं तो पुन्हा जागेवर ठेवला आणि मला म्हणाली, "रडू नका. नीट उभ्या राहा."