पार्वताबाईचा पहिला सवाल

पौषातली सकाळ. अमरावतीवर धुकं असं बसलं होतं की वखारीच्या फाटकातला माणूस ओळखू येईना, नुसता खोकला ऐकू येई. रात्रभराच्या दवानं कापूस जड झाला होता. पार्वताबाईनं आंगणात बांबूचे तट्टे अंथरले, त्यावर कापूस पसरला आणि काठीनं खालवर करत ती उन्हाची वाट पाहू लागली. ओला कापूस सरकी काढायच्या रेच्यात घातला की त्याच्या दोन लाटांच्या मधात सरकी चिरडते आणि पांढऱ्या रुईला पिवळे डाग पडतात. म्हणून ऊन तापेस्तोवर रेचे बंद. रोज सकाळी ही एक घटका पार्वताबाईच्या मालकीची.

नवीन बाई शिकायला आली की या घटकेत ती तिला तट्ट्याशी बसवी. पहिलं राम राम, मग एखादा हलका सवाल. तुमच्या पाटातलं पाणी गोड की मचूळ? काल रस्त्यात कोणतं पाखरू दिसलं? ज्याचं उत्तर चुकू शकत नाही, असलाच सवाल. रेच्याचं नावसुद्धा काढायचं नाही. शेजारच्या रेच्यावरची लीलाबाई चिडवायची, "पार्वताबाई, सोयरीक जमवून राहिली काय वं?" पार्वताबाई म्हणे, "हात थरथरत असला तं त्याले काय शिकवू? आंधी हात तं गरम होऊ दे."

दहा-बारा वर्षांत वीस-बावीस बाया तिच्या हाताखालून गेल्या. साऱ्या टिकल्या.

तिची स्वतःची लेक मात्र डोळ्यांआड होती. शकुन. अकोल्याकडं, दहीहांड्याच्या पुढं कळंबी गावात गावंड्यांच्या घरी दिलेली. पहिली दोन वर्षं दिवाळीला आली. मग कुठं तरी सातासमुद्रापार लढाई लागली म्हणे, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्याच्या त्याच्या शेतात कपाशी. दिवाळी आली की वेचणी, वेचणीत सून कोण धाडतो? लोकांच्या घरात चांदी आली आणि लेकी माहेरी यायच्या राहिल्या. तीन सालं झाली, शकुनचा निरोप नव्हता. वखारीतून गाडी निघाली की पार्वताबाई गाडीवानाला विचारी, "कळंबीवरून जाता काय हो?" गाडीवान हसून नकाराची मान हलवत.

धुकं विरळ होत होतं तेवढ्यात मुकादम सूर्यभान एका तरण्या बाईला घेऊन आला.

"ही जमुना. गाठोडे शिवते न तो भगवंत, त्याची बायको. दहीहांड्याच्या बाजूची हाये. दुपारपर्यंत हात बसला तं ठेवतो, नाई तं फाटकात दहा जणी उभ्या हायेत."

दहीहांडा म्हटल्याबरोबर पार्वताबाईच्या हातातली काठी तिथंच थांबली. राम राम ओठातच राहिला.

"कळंबी मालूम हाये काय तुले? गावंड्याच्या घरची सून, शकुन? माही लेक होय ती. कशी हाये? बोलली काय कधी तुह्याशी?"

जमुनानं पदर कपाळावर ओढला. "मले नाई मालूम."

"अवं, एवढी उंच, डाव्या हातानं घागर उचलते..."

"मी कोनाच्या घरात जात नाई, बाई."

पार्वताबाईला कळलं, ही खोटं बोलते. पण राग कुणावर काढावा? तिनं उन्हाची वाटही पाहिली नाही. "चाल, बस रेच्यावर," म्हणाली. उजव्या हातानं दांडी फिरव, डाव्यानं कापूस दे, रुई पलीकडं जाते, सरकी अलीकडं पडते. भराभर सांगून मोकळी झाली.  जमुनानं घाबरून मुठीएवढा गोळा एकदमच लाटांत कोंबला. कटकट करून सरकी चिरडली. पलीकडं जी रुई पडली ती पिवळट, तिच्यात काळी टरफलं.

सूर्यभान लांबूनच ओरडला, "वा! तेलाचा घाना लावला काय बापा?"

जमुनाच्या डोळ्यांत पाणी आलं. लीलाबाई हळूच म्हणाली, "पार्वते, आज सवाल इसरली काय वं?"

पार्वताबाई विसरली नव्हती. सवाल केला होता, पण तो आपल्या भुकेचा होता. परक्या गावात पहिलं पाऊल टाकलेल्या पोरीच्या डोक्यावर तिनं आपलंच गाठोडं ठेवलं होतं.

"मुकादम, कापूस ओला व्हता," ती मोठ्यानं म्हणाली. "चूक माही हाये. दुपार अजून व्हायची हाये न?"

सूर्यभान काही तरी पुटपुटत गेला.

तिनं जमुनाला उठवून तट्ट्याशी नेलं. ऊन आता पायांपर्यंत आलं होतं. दोघी बसल्या.

"राम राम, बाई."

जमुना गोंधळली. "...राम राम."

"मी पार्वता. गाडीनं आल्या न तुमी? बैलाईचे नावं काय व्हते?"

यात काही गोम आहे का, ते जमुनानं तिच्या तोंडाकडं पाहून घेतलं. मग म्हणाली, "एक पवळ्या."

"अन् दुसरा?"

"दुसरा..." तिनं पदर तोंडाला लावला. "दुसरा सायेब."

"सायेब? काहून वं?"

"धुऱ्यावर उभा राह्यते अन् दुसऱ्याईचं काम पाह्यते. सोता जू घेत नाई."

लीलाबाई खो खो हसली. पार्वताबाईही हसली. मग सायेबाचं निघालं ते निघालंच. नदीत कसा बसला, भगवंतानं हात जोडले तेव्हा कसा उठला. जमुनाचा पदर कपाळावरून मागं सरकला. ती हातवारे करू लागली.

शकुनचा सवाल पार्वताबाईच्या जिभेच्या टोकावर होता. दोनदा आला, दोनदा तिनं गिळला. तट्ट्यावरचा कापूस मुठीत दाबून पाहिला. कोरडा, फुगरा. "चाल आता."

या वेळी जमुनानं कापूस बोटांनी उकलला, पातळ पातळ दिला. रेचा कुरकुरत फिरू लागला. सरकी टपटप अलीकडं, रुई पलीकडं, ढगाच्या काठासारखी. सूर्यभान आला, चिमूटभर रुई बोटांत चोळून पाहिली, काही न बोलता पुढं गेला. म्हणजे ठेवली.

बऱ्याच वेळानं, लाटांवरची नजर न हलवता, जमुना म्हणाली, "बाई, तुमच्या लेकीले मी वयखतो. आमी कळंबीचेच. गावंड्याच्या बुढीचा लय धाक हाये, तिच्या सुनेचं कोनी बाहेर बोललं तं दारात येऊन भांडते. म्हून..."

पार्वताबाईनं पुढचा कापूस तिच्या हाताशी सरकवला. 

"मी नवी नवरी व्हतो. इहिरीवर पह्यल्या दिवशी कोनी बोलेना. शकुनबाई घागर ठेवून आल्या, राम राम म्हने, अन् म्हने, तुह्या मायच्या घरच्या शेळीचं नाव काय वं?"

"मंग? सांगितलं काय तू?"

"सांगितलं न. ठमी."

पार्वताबाईनं तोंड दुसरीकडं वळवलं. दहा वर्षांची शकुन, याच तट्ट्याच्या कडेला बसून सरकीशी खेळत असायची. ऐकत होती म्हणजे.

"बरी हाये न?"

"बऱ्या हायेत. अंगानं वायल्या थोड्या." रेचा एक फेरा हळू झाला. "आमच्या इहिरीवरून अमरावतीची वाट दिसते. कापसाच्या गाड्या निंघाल्या का त्याईची घागर भरलेली असली तरी त्या उभ्याच राह्यतात."

"यंदा धाडतील काय?"

"वेचणी झाली का धाडतो म्हनत व्हते."

"मांगच्या सालीबी तेच म्हनत असतील," पार्वताबाई म्हणाली. विचारायचं अजून खूप होतं, आणि ही पोरगी इथंच राहणार होती. उद्याही विचारता येईल.

फाटकातून भरलेली गाडी बाहेर पडली, तिची चाकं वाजत वाजत लांब गेली. पार्वताबाई उठली. तट्ट्याच्या सावलीतल्या कोपऱ्यात अजून ओला कापूस होता. तिनं काठी उचलली आणि तो उन्हाकडं ओढून खालवर करू लागली.