ओरिजिनल निघाला

नाशिकला माझं जुन्या हेडफोन-स्पीकरचं दुकान आहे. लोक विकत घेण्याआधी मला फोटो पाठवतात आणि माल खरा की नकली ते मी सांगतो. हेडफोन असला तर आधी पट्ट्याची बिजागरी बघतो. स्पीकर असला तर जाळी, लोगो आणि चार्जिंगचं तोंड.

सिन्नरकडच्या एका द्राक्षबागायतदार काकांनी ब्लूटूथ स्पीकर घेऊन झाल्यावर फोटो पाठवले. जाळीची भोकं एकसारखी, लोगोची कड रेखीव, चार्जिंगचं तोंड मधोमध आणि गुळगुळीत. मी खुशीत फोन लावला, "काका, अस्सल ओरिजिनल!"

"म्हंजे फसवलं त्या दुकानदारानं मला!" काका कडाडले.

त्यांना बागेतली पाखरं हाकलायला डुप्लिकेटच हवा होता. आधीचा फवारणीत भिजून मेला. तो चालू केला की त्यातली बाई इंग्रजीत 'ब्लूटूथ मोड' म्हणून अशी किंचाळायची, की अख्खा थवा उठायचा.

"हा नुसता टिंग करतो. पाखरं लय खूश हायेत."

माझं डोकं सणकलं. नकली माल पकडता पकडता माझे डोळे गेले, आणि हा माणूस माझ्याकडे ओरिजिनलची तक्रार करतो!

दुसऱ्या दिवशी बदलून आणलेल्या स्पीकरचे फोटो आले. जाळीची भोकं वेडीवाकडी, लोगोची शाई पसरलेली, चार्जिंगचं तोंड तिरकं. "शंभर टक्के नकली," मी दातओठ खात लिहिलं.

लगेच उत्तर आलं, "नक्की ना, दादा? नायतर पुन्हा ओरिजिनल निघायचा."